एकाच घरात दोन डोक्यांना खाज: कोंडा, नायटा की सोरायसिस?

रानवारा
आमच्या घरात सध्या दोन डोकी खाजत आहेत आणि त्यावरून मते मात्र चार आहेत, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिले डोके माझे. वय चाळिशीच्या आसपास. बारीक पांढरा कोंडा मला कॉलेजपासून आहे, त्याचे कधी काही वाटले नाही. गेल्या काही महिन्यांत मात्र कानांच्या मागे आणि मानेवर केस संपतात तिथे जाड थर जमू लागला आहे. तो नखाने काढला की खालची त्वचा लालसर दिसते आणि दोन-तीन दिवसांत थर पुन्हा जमतो. केटोकोनॅझोलचा २ टक्क्यांचा शॅम्पू लावला की बरे वाटते, थांबवला की पुन्हा तेच.

दुसरे डोके माझ्या सात वर्षांच्या मुलाचे. त्याच्या टाळूच्या थोडे मागे रुपयाएवढा एक गोल भाग झाला आहे. तिथे करडा कोंडा आहे, खाज आहे आणि केस विरळ दिसतात. घरातल्यांचे मत असे की त्याला हे माझ्याकडून लागले, त्यामुळे माझाच शॅम्पू त्यालाही लावणे सुरू आहे. माझ्या आत्याबाईंच्या मते मला सोरायसिस आहे आणि मुलाला नुसता कोंडा.

हे तीन आजार नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येतात का, आणि माझे दुखणे मुलाला लागू शकते का, एवढेच मला विचारायचे आहे.

तर्कट
यात ओळखण्यासारखे फारसे काही नाही. कोंडा मुळात बुरशीमुळेच होतो. मॅलेसेझिया नावाची ही बुरशी डोक्याच्या त्वचेवर वाढते, त्वचेतील तेलावर जगते आणि तिच्यामुळे पापुद्रे सुटतात. म्हणजे कोंडा आणि बुरशीचा संसर्ग या दोन निराळ्या गोष्टी नव्हेतच. बुरशीनाशक शॅम्पूने तुम्हाला बरे वाटते हाच त्याचा पुरावा. मुलालाही तोच शॅम्पू नेमाने लावा आणि सोरायसिसचा विचार सोडून द्या.

टक्कलराव
माझ्या डोक्यावर केस नाहीत, तरीही कोंडा आहे. निसर्गाने माल नेला आणि कचरा ठेवला. एक फायदा मात्र झाला: काय लाल आहे आणि कुठवर लाल आहे, हे आरशात स्वच्छ दिसते.

काचपट्टी
मी प्रयोगशाळेत बुरशीचे नमुने तपासण्याचे काम करतो, म्हणून तर्कट यांच्या प्रतिसादाविषयी थोडे लिहितो. त्यातील अर्धे बरोबर आहे आणि उरलेले अर्धे मुलाच्या बाबतीत महागात पडू शकते.

मॅलेसेझिया ही यीस्ट जातीची बुरशी आहे आणि ती तुमच्या, माझ्या, कोंडा असलेल्या आणि नसलेल्या अशा सर्वांच्या डोक्यावर असते. ती बाहेरून लागत नाही, ती इथलीच रहिवासी आहे. काहींची त्वचा तिच्यामुळे तयार होणाऱ्या स्निग्धाम्लांना चिडते आणि पापुद्रे सुटू लागतात. म्हणून कोंड्याच्या नमुन्यात मला ती दिसली तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

डोक्यातील नायटा करणाऱ्या बुरशी वेगळ्या असतात. ट्रायकोफायटॉन आणि मायक्रोस्पोरम ही त्यांची नावे. त्या केराटिन खातात, म्हणजे केसाच्या मुळाशी शिरून केसच पोखरतात. त्या एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जातात आणि निरोगी डोक्यावर त्यांचे काही काम नसते. दोन्हींना बुरशी म्हटले जाते, पण एक त्वचेच्या वर बसून तेल खाते आणि दुसरी केसाच्या आत घर करते. शॅम्पू वरच्यापर्यंत पोहोचतो, आतलीपर्यंत पोहोचत नाही.

रानवारा, तुम्ही मुलाचे केस ‘विरळ’ आहेत असे लिहिले आहे. ते गळले आहेत की तुटले आहेत, हे उजेडात नीट पाहून सांगाल का?

गडबडगुंडा
केस विरळ झाले असतील तर कोणते तेल वापरावे, यावर इथे कोणी अनुभव सांगेल का? माझेही पुढचे केस कमी होत आहेत. रोज रात्री भरपूर तेल मुरवल्यास कोंडाही जाईल आणि केसही येतील, असे ऐकले आहे.

जास्वंद
गडबडगुंडा, धाग्याचे शीर्षक पुन्हा एकदा वाचा. प्रश्न केस वाढवण्याचा नाही.

रानवारा, तुमच्या घरात मांजर किंवा कुत्र्याचे पिल्लू आहे का? मांजरीच्या पिल्लाकडून मुलांना डोक्याचा नायटा होतो आणि पिल्लाच्या अंगावर कधीकधी काहीच दिसत नाही.

रानवारा
मांजर आहे आणि ती मुलाच्या उशाशी झोपते. आता घरातील संशयितांची संख्या तीन झाली.

काचपट्टी, भिंगातून पाहिले. गोल भागातील बहुतेक केस त्वचेपासून दोन-तीन मिलिमीटरवर तुटलेले आहेत. काही ठिकाणी केस त्वचेलगतच तुटून नुसते काळे ठिपके राहिले आहेत. मानेच्या मागच्या बाजूला, केसांच्या रेषेखाली, हाताला दोन लहान गाठीही लागतात. त्या दुखत नाहीत.

अश्विनीकुमार
मी त्वचारोगांवर उपचार करतो. धाग्यावरून निदान करता येत नाही आणि करूही नये, पण समोर रुग्ण आल्यावर मी काय पाहतो हे सांगता येईल.

मुलापासून सुरुवात करतो, कारण घाई तिथे आहे. तान्हेपण संपल्यापासून वयात येईपर्यंत डोक्याच्या त्वचेत तेल फार कमी तयार होते, त्यामुळे या वयात खरा कोंडा तितकासा आढळत नाही. म्हणून शाळकरी मुलाच्या डोक्यावर कोंड्याचा एखादा ठरावीक चकता दिसला की तपासणीत तो नायटा नाही हे ठरेपर्यंत मी तो नायटाच धरून चालतो. त्यात तुटलेले केस, काळे ठिपके आणि मानेमागची अवधाणे असतील तर संशय बळावतो. कोंड्यात केस असे तुटत नाहीत. सोरायसिसमध्ये जाड थराखाली केस थोडे गळू शकतात, पण ठिपके राहतील असे तुटत नाहीत.

नायट्यावर शॅम्पू पुरत नाही, पोटात घेण्याचे औषध लागते. शॅम्पूमुळे त्वचेवरील बीजाणू कमी होऊन इतरांना लागण होण्याची शक्यता घटते, एवढाच त्याचा उपयोग. उलट, नुसत्या शॅम्पूवर महिने घालवले तर काही मुलांत त्या जागी मऊ, पू भरल्यासारखी सूज येते. ती गळवासारखी दिसते, त्यामुळे कोणीतरी चीर देते. ती चीर देऊ नये. आत बहुतेक वेळा गळवासारखा पू साचलेला नसतो, बुरशीविरुद्ध शरीराने केलेली तीव्र प्रतिक्रिया असते. उपचार लांबले तर तिथे व्रण राहून केस कायमचे जाऊ शकतात.

आता तुमचे डोके. तिथे मी तीन गोष्टी पाहतो. पहिली म्हणजे कडा. कोंड्याची लाली कुठे संपते हे सहसा बोटाने दाखवता येत नाही, ती विरघळत जाते. सोरायसिसचा चट्टा मात्र कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे रेघ मारून दाखवता येते आणि बरेचदा तो केसांची सीमा ओलांडून कपाळावर किंवा मानेवर उतरतो. दुसरी म्हणजे पापुद्रा. कोंड्याचा पापुद्रा पिवळसर, तेलकट आणि बोटांना चिकटणारा असतो. सोरायसिसचा जाड, कोरडा आणि चंदेरी असतो. तिसरी गोष्ट डोक्यावर नसतेच. मी रुग्णाला हाताची नखे, कोपर, गुडघे आणि बेंबी दाखवायला सांगतो, माकडहाडाजवळच्या फटीविषयी विचारतो. मग भुवया, नाकाच्या बाजूच्या घड्या आणि छातीचा मधला भाग पाहतो. पहिल्या जागा सोरायसिसच्या आवडत्या आहेत, दुसऱ्या तेलकट कोंड्याच्या. कानांमागची जागा दोघांचीही आहे, त्यामुळे तुमच्या वर्णनातील तेवढ्याच भागावरून काही ठरत नाही.

तुम्हाला कोंडा असो की सोरायसिस, यांपैकी काहीही मुलाला लागत नाही. सोरायसिस बुरशीमुळे होत नाही. त्याची प्रवृत्ती कुटुंबात उतरू शकते, पण ती कंगव्यातून जात नाही.

गडबडगुंडा, तुमच्या निमित्ताने तेलाचेही सांगतो. मॅलेसेझियाला स्वतःची स्निग्धाम्ले तयार करता येत नाहीत, ती आयती लागतात. कोंडा असताना रात्रभर तेल मुरवणे म्हणजे तिला वाढून देणे होय. सोरायसिसचा जाड थर मऊ करायला मात्र तेल किंवा मलम थोडा वेळ लावून धुणे उपयोगी पडते.

शेवंती
माझा अनुभव रानवारा यांच्या कामी येईल असे वाटते. माझ्या डोक्यातील सोरायसिसला कित्येक वर्षे कोंडाच समजले गेले. शॅम्पू बदलत राहिले, प्रत्येकाने थोडे बरे वाटे आणि थर पुन्हा येई. शेवटी एका डॉक्टरांनी डोके पाहायच्या आधी माझे हात समोर धरायला सांगितले. नखांवर टाचणीच्या टोकाने टोचावे तसे बारीक खड्डे होते आणि एका नखाखाली तेलाचा थेंब पसरावा तसा पिवळट-तांबूस डाग होता. मला वाटे की भांडी घासून नखे खराब झाली आहेत. डोक्याचे निदान नखांवरून झाले.

आणखी एक सांगते. सकाळी उठल्यावर बोटे आखडत असतील, टाच दुखत असेल किंवा एखादे बोट संपूर्ण सुजत असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. मी त्वचेच्या डॉक्टरांना सांध्यांचे सांगितलेच नव्हते, कारण त्याचा डोक्याशी काय संबंध असे वाटले होते.

अश्विनीकुमार
शेवंती यांनी अगदी नेमके लिहिले आहे. डोके, नखे आणि माकडहाडाजवळची फट इथे सोरायसिस असलेल्यांत पुढे सांध्यांचा त्रास होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. सांध्यांची झीज भरून येत नाही, म्हणून हा प्रश्न मी प्रत्येक भेटीत विचारतो.

तर्कट
माझा एक आक्षेप कायम आहे. सोरायसिस बुरशीमुळे होत नाही, असे सर्वजण म्हणत आहात. मग बुरशीनाशक शॅम्पूने रानवारा आणि शेवंती यांना बरे का वाटले? औषध लागू पडते याचा अर्थ रोग तोच, एवढे तरी मान्य करावे लागेल.

काचपट्टी
ते मान्य करता येत नाही. केटोकोनॅझोलमुळे बुरशी मरते, त्याशिवाय दाहही थोडा कमी होतो. फेस पाच मिनिटे ठेवून डोके चोळून धुतले की सुटे पापुद्रे कोणत्याही आजारात निघून जातात आणि खाज काही दिवस शमते. शिवाय सोरायसिस असलेल्या डोक्यावर मॅलेसेझियाही असतेच आणि ती त्या त्वचेला चिडवत असावी, असे मानणारे तज्ज्ञ आहेत. म्हणून ‘फरक पडला’ यापेक्षा ‘किती पडला आणि किती टिकला’ हे विचारावे. आठवड्यातून दोनदा असा शॅम्पू महिनाभर नीट वापरला की साधा कोंडा बहुधा आटोक्यात येतो आणि पुढे आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा वापरून तसाच राहतो. जाड थर या पद्धतीने हलत नसेल तर निदान पुन्हा तपासायला हवे.

टक्कलराव
तर्कट, तुमच्या नियमाने डोकेदुखीची गोळी घेऊन पाठदुखी थांबली तर पाठीला डोके म्हणावे लागेल.

तर्कट
मान्य. पाठीचे तेवढे मागे घेतो, मॅलेसेझियाचे घेत नाही.

रानवारा
उद्या मुलाचा नमुना द्यायचा आहे. तिथे नेमके काय करतात? मुलगा सुईला घाबरतो.

काचपट्टी
सुई नसते. बोथट पात्याच्या कडेने चकत्याची किनार खरवडून पापुद्रे काळ्या कागदावर घेतात, म्हणजे ते दिसतात. त्यानंतरचे काम खरे महत्त्वाचे: चिमट्याने तुटलेल्या केसांचे खुंट उपटून घ्यायचे. ते सहज निघतात आणि फारसे दुखत नाही. अनेकदा आमच्याकडे कात्रीने कापलेले लांब, निरोगी केस येतात. त्यांत काहीच सापडत नाही आणि अहवाल ‘बुरशी आढळली नाही’ असा जातो, मग घरचे निश्चिंत होतात. बुरशी खुंटात असते, शेंड्यात नसते.

खुंट काचपट्टीवर ठेवून त्यावर १० ते २० टक्के पोटॅशचा थेंब टाकतो. त्याने केराटिन विरघळून केस पारदर्शक होऊ लागतो. पापुद्रे लवकर तयार होतात, केसाला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली केसाच्या पोटात गच्च भरलेले गोल बीजाणू दिसतात, किंवा केसाच्या बाहेरून त्यांचे वेष्टन दिसते. बुरशी वाढवून पाहण्यासाठी कल्चरलाही नमुना लावतात, पण त्याचे उत्तर यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि तोवर उपचार थांबवत नाहीत.

तुम्ही शॅम्पू लावत होता हे तिथे अवश्य सांगा. त्यामुळे नमुना खोटा ‘नाही’ म्हणू शकतो.

जास्वंद
आमच्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत जांभळा दिवा धरून पाहिले होते आणि काही चमकले नाही म्हणून नायटा नाही असे सांगितले होते. तेवढे पुरेसे नसते का?

काचपट्टी
तो वूडचा दिवा. मायक्रोस्पोरमच्या काही जाती, मांजराकडून येणारी धरून, त्याखाली हिरव्या चमकतात. केसाच्या आत वाढणाऱ्या ट्रायकोफायटॉनच्या नेहमीच्या जाती चमकत नाहीत. चमकले तर उपयोग आहे, चमकले नाही तर प्रश्न तिथेच राहतो.

रानवारा
अहवाल आला. मुलाच्या केसाच्या आत बीजाणू सापडले आहेत, कल्चर अजून वाढत आहे. टर्बिनाफिनच्या गोळ्या वजनाप्रमाणे चार आठवडे दिल्या आहेत. दुसरा पर्याय ग्रिसिओफुल्विनचा होता. ते स्निग्ध खाण्यासोबत द्यावे लागते आणि सहा ते आठ आठवडे चालते, असे सांगितले. घरातील सर्वांची डोकी तपासून घेतली. माझ्या थरातूनही नमुना घेतला, त्यात केस पोखरणारी बुरशी नाही. म्हणजे मुलाला माझ्याकडून काही लागलेले नाही.

माझे निदान मात्र लोंबकळते आहे. मानेवर लाली केसांच्या रेषेच्या बोटभर खाली उतरली आहे आणि तिची कड स्पष्ट आहे, हे सोरायसिसकडे बोट दाखवते. पण भुवयांत तेलकट पिवळे पापुद्रेही आहेत, नखे स्वच्छ आहेत आणि घरात कोणाला सोरायसिस नाही. डॉक्टर म्हणाले की हे दोघांच्या मधले आहे. रात्री सॅलिसिलिक ॲसिडचे औषध लावून थर सोडवायचा, सकाळी धुवायचे, मग स्टिरॉइडचे लोशन दोन आठवडे लावायचे आणि शॅम्पू आठवड्यातून दोनदा चालू ठेवायचा, असे ठरले आहे.

शेवंती
मधले म्हणजे काय? बायोप्सी करून सोक्षमोक्ष लावून घ्या. मी तेव्हाच करून घेतली असती तर माझी वर्षे वाचली असती.

अश्विनीकुमार
माझे मत थोडे वेगळे आहे. ठळक सोरायसिसमध्ये बायोप्सीची गरज बहुधा पडत नाही आणि अशा मधल्या रुग्णांत तुकडा तपासणाराही अनेकदा ‘दोन्ही शक्य’ असेच लिहितो. त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या डर्मोस्कोपने थोडी मदत होते: सोरायसिसमध्ये रक्तवाहिन्या एकसारख्या लाल ठिपक्यांसारख्या दिसतात, कोंड्यात फांद्या फुटल्यासारख्या. पण मधल्या रुग्णात तिथेही दोन्ही दिसतात. सुरुवातीचा उपचार दोहोंचा मिळताजुळता आहे, त्यामुळे थांबून पाहण्यात नुकसान नाही. काही जणांत पुढे कोपरावर किंवा नखात खूण उमटते आणि प्रश्न सुटतो, काहींत तो तसाच राहतो. चट्टा एकटाच असेल, उपचाराला अजिबात दाद देत नसेल किंवा केस जाऊन त्वचा गुळगुळीत होत असेल, तर मात्र मी बायोप्सी करतो.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. तुमचे स्टिरॉइडचे लोशन मुलाच्या चकत्याला लावू नका. लाली आणि खाज दोन दिवसांत उतरेल, सर्वांना हायसे वाटेल आणि आत बुरशी मोकळेपणाने पसरेल. पुढे तो चकता ओळखू येत नाही इतका बदलतो.

शेवंती
बायोप्सीबाबत माझे समाधान झालेले नाही, पण लोशनचे शंभर टक्के पटले.

जास्वंद
मग मांजर सुटली का?

काचपट्टी
बहुतेक सुटली. मांजराकडून येणारी जात केसाच्या बाहेर बीजाणूंचे वेष्टन करते आणि या अहवालात ते आत आहेत. आत वाढणाऱ्या जाती माणसाकडून माणसाला लागतात. कल्चर आल्यावर शिक्का बसेल. आता मांजरीऐवजी मुलाच्या मित्रांच्या टोप्या आणि कंगवे पाहा.

रानवारा
मुलाला शाळेत पाठवावे का? आणि चार आठवड्यांनी गोळ्या आपोआप बंद करायच्या का?

अश्विनीकुमार
पोटातले औषध आणि शॅम्पू सुरू झाल्यावर शाळा बुडवण्याची गरज नाही. कंगवा, टोपी आणि टॉवेल वेगळे ठेवा, जुने कंगवे टाकून द्या किंवा निर्जंतुक करा. गोळ्या संपल्या म्हणजे आजार संपला असे गृहीत धरू नका. कोंडा गेला, खाज गेली, तरी केसात बुरशी शिल्लक असू शकते. शेवटी पुन्हा नमुना द्या आणि तो स्वच्छ आला नाही तर उपचार वाढवावा लागेल.

गडबडगुंडा
मुलाचे केस परत येतील ना? या वेळी प्रश्न विषयाला धरूनच आहे.

अश्विनीकुमार
सूज किंवा पू झालेला नसेल तर सहसा पूर्ण येतात, फक्त काही महिने लागतात. तेल न लावताही येतात.

रानवारा
कल्चरचा निकाल आला की इथेच लिहीन. दरम्यान शेवंती यांच्यामुळे पायांची नखे पाहिली. उजव्या अंगठ्याचे नख टोकाकडून पिवळट आणि जाड झाले आहे. हे सोरायसिसचे धरायचे का?

काचपट्टी
एकट्या पायाच्या अंगठ्याचे नख असेल तर आधी बुरशीची शंका घ्यावी, पण पाहून दोन्ही सारखेच दिसू शकतात. नखाखालचा भुगा पुढच्या खेपेला पोटॅशसाठी द्या. कापलेले टोक देऊ नका, जितके आतून निघेल तितके आतले द्या.